चौरस फूट कोणाचा?

परळच्या एका जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मनोऱ्यातील एक घर भाड्याने द्यावयाचे आहे, असे समजू. महिन्याचे भाडे साठ हजार रुपये. पहिला दलाल गिऱ्हाइकाला सांगतो की भाव फुटाला पंचाहत्तर रुपये आहे. दुसरा म्हणतो शंभर. तिसरा, जो बहुधा मालकाशी भांडून आलेला असतो, तो एकशे वीस सांगतो. तिघांपैकी एकही खोटे बोलत नाही. घर तेच आहे, भाडे तेच आहे आणि महिन्याच्या पाच तारखेला मालकाच्या खात्यात जमा होणारी रक्कमही तीच आहे. पहिल्याने ती आठशे फुटांनी भागली, दुसऱ्याने सहाशेंनी आणि तिसऱ्याने पाचशेंनी, एवढाच काय तो फरक.

हे आठशे, सहाशे आणि पाचशे फूट म्हणजे अनुक्रमे सुपर बिल्ट-अप, बिल्ट-अप आणि कार्पेट. मराठीत शेवटच्या दोहोंना बांधीव क्षेत्र आणि चटई क्षेत्र हे शब्द आहेत. पहिल्याला मराठी शब्द रुळला नाही, आणि त्यामागे कारणही आहे: ते माप घराचे नसून व्यवहाराचे आहे. चटई क्षेत्र म्हणजे घरात शिरल्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत जेथे खरोखर चटई अंथरता येईल तेवढी जमीन. त्यात घराभोवतीच्या भिंतींची जाडी आणि सज्जा मिळवला की बांधीव क्षेत्र होते. त्यातही जिना, लिफ्ट, प्रवेशदालन, मजल्यावरचा बोळ, पहारेकऱ्याची खोली आणि मनोऱ्यात असल्यास व्यायामशाळा व क्लबघर यांचा या घराच्या वाट्याला आलेला हिस्सा चढवला की सुपर बिल्ट-अप तयार होते. हा हिस्सा किती धरायचा, कोणत्या वस्तू धरायच्या आणि त्या कोणी मोजायच्या, हे कोणताही कायदा सांगत नाही. घराच्या विक्रीसंबंधीच्या १९६३ च्या महाराष्ट्रातील कायद्यात वा २०१६ च्या केंद्रीय स्थावर संपदा कायद्यात सुपर बिल्ट-अप या मापाची व्याख्या शोधूनही सापडणार नाही.

चाळीत वाढलेल्या माणसाला ही भाषा परकी वाटते, आणि वाटावी हे स्वाभाविकच आहे. गिरगावातील वा लालबागेतील चाळीचे भाडे फुटावर नव्हतेच. ते खोलीवर होते. दहा बाय बाराची खोली असो की दहा बाय अकराची, मालकाच्या पावतीवर खोली क्रमांक आणि रक्कम एवढेच असे. १९४७ च्या मुंबईच्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाड्याचा जो पाया घातला, तोही १ सप्टेंबर १९४० रोजी त्या जागेला जे भाडे पडत होते त्यावर. जागा किती फूट आहे हा प्रश्न त्या हिशेबात दुय्यम होता. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, आणि त्याने दरसाल चार टक्के वाढीची मुभा मालकाला दिली. ही वाढही रकमेवर आहे, फुटावर नव्हे. चाळीची लांबलचक गॅलरी, तिच्या टोकाचे सामाईक संडास, जिना आणि अंगण यांचा हिस्सा कोणाच्याही पावतीत नव्हता. उन्हाळ्यात निम्मी चाळ ज्या गॅलरीत झोपत असे, ती कोणाच्याच क्षेत्रफळात मोजली जात नव्हती. आजच्या मनोऱ्यात त्या गॅलरीच्या जागी संगमरवरी दालन आले. तेथे झोपण्याची मुभा नाही, पण ते दरमहा मोजले मात्र जाते.

ही तीन मापे एकमेकांपासून किती दूर जातात याचा अंदाज यावा म्हणून भिंतीचा साधा हिशेब करून पाहावा. आतून पंधरा फूट रुंद आणि वीस फूट लांब, म्हणजे तीनशे चौरस फुटांचे घर घेऊ. त्याभोवती नऊ इंची भिंत आहे. बाहेरून मोजले तर रुंदी साडेसोळा आणि लांबी साडेएकवीस फूट होते, आणि क्षेत्र भरते सुमारे तीनशे पंचावन्न फूट. म्हणजे केवळ भिंतीपोटी अठरा टक्के वाढले. आता पंचवीस बाय चाळीस, म्हणजे हजार फुटांचे घर घेऊ. तीच नऊ इंची भिंत त्याभोवती घातली तर बाहेरचे क्षेत्र अकराशे फूट होते. वाढ फक्त दहा टक्के. शेजारच्या घराशी सामाईक असलेल्या भिंतीची जाडी निम्मी धरतात, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे याहून काहीसे कमी येतील. पण प्रमाण तेच राहते. घर जितके लहान, तितका त्याच्या मापातला भिंतीचा वाटा मोठा. बांधीव क्षेत्र म्हणजे चटईच्या सव्वापट किंवा एक पूर्णांक दोन दशांश पट, असा जो ठोकताळा बाजारात चालतो, तो लहान घराच्या बाबतीत खऱ्याच्या जवळ असतो आणि मोठ्या घराच्या बाबतीत बराच फसतो.

या ठिकाणी एक शब्दघोळ नोंदवला पाहिजे, कारण कार्यकर्त्यांच्या सभांतून तो वारंवार होतो. सरकारी मराठीत एफ.एस.आय.ला चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात. त्यावरून अनेकांचा समज होतो की निर्देशांक तीन म्हणजे भूखंडाच्या तिप्पट चटई क्षेत्र. ते तसे नाही. निर्देशांकात भिंतींसह बांधकाम मोजले जाते. चटई हा शब्द तेथे चुकून बसला आणि तसाच राहिला. विकासकाशी बोलणी करताना एक पक्ष निर्देशांकातला फूट मोजत असतो आणि दुसरा चटईवरचा, आणि दोघेही एकाच शब्दाने बोलत असतात.

आता भावाकडे वळू. वरच्या उदाहरणातील पाचशे, सहाशे आणि आठशे फूट ध्यानात ठेवावेत. भाडे साठ हजार हे आधीच ठरलेले असेल, तर माप बदलल्याने भाडेकरूच्या खिशातून एक पैसाही जास्त जात नाही. मापाचा विभाजक मोठा झाला की भाव लहान दिसतो, इतकेच. नुकसान होते ते दुसऱ्या प्रकारात: भाव आधी ठरतो आणि माप मागून येते. दादरच्या एखाद्या जुन्या तीन मजली इमारतीत, जेथे लिफ्ट नाही आणि दालनही नाही, तेथे शंभर रुपये फूट हा भाव चटईवर ठरलेला असतो, कारण तेथे चटईशिवाय मोजण्यासारखे फारसे काही नसतेच. हा शंभराचा आकडा कानोकानी पसरतो आणि त्या परिसराचा भाव म्हणून मान्यता पावतो. मग परळच्या मनोऱ्यातील मालक म्हणतो, मीही शंभरच घेतो, एक रुपया जास्त नाही. त्याच्या आठशे फुटांवर शंभर म्हणजे ऐंशी हजार. आणि पाचशेच्या चटईवर भागले तर फुटाला एकशे साठ. मनोऱ्यातील घराला जास्त भाडे पडू नये असे कोणी म्हणणार नाही. लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास आहे, त्याची किंमत असेलच. परंतु ती किंमत साठ टक्क्यांची आहे हे भाडेकरूला दिसत नाही. त्याला दोन्हीकडे शंभर दिसतात.

याहून सूक्ष्म फसगत टक्क्यांच्या भाषेत आहे. दलाल ज्याला लोडिंग म्हणतात, तो भार कशावर मोजायचा याबद्दल एकवाक्यता नाही. पाचशेच्या चटईवर आठशेचे सुपर बिल्ट-अप म्हणजे भार साठ टक्के. हेच उलट सांगायचे तर आठशेतून साडेसदतीस टक्के वजा केले की चटई मिळते. घर एकच, पण एक माणूस साठ टक्के म्हणेल आणि दुसरा साडेसदतीस, आणि ऐकणाऱ्याला दुसरे घर कितीतरी प्रामाणिक वाटेल. आठशे फुटांच्या घराला चाळीस टक्के लोडिंग आहे असे नुसते सांगितले, तर त्याचा अर्थ दोन प्रकारे लागतो. भार चटईवर चढवलेला असेल तर चटई पाचशे एकाहत्तर फूट निघते. सुपरमधून वजा करायचा असेल तर चारशे ऐंशी. फरक एक्याण्णव फुटांचा आहे. गिरगावच्या कितीतरी खोल्या याहून फार मोठ्या नाहीत. साठ हजार भाड्याला पहिल्या अर्थाने चटईचा भाव एकशे पाच रुपये पडतो आणि दुसऱ्या अर्थाने एकशे पंचवीस. म्हणून टक्केवारी ऐकून घेण्यात काहीच अर्थ नाही. चटईचा आकडा मागावा, आणि तो मिळत नसेल तर टेप घेऊन जावे.

कायद्याने काही केले नाही असे नाही. १९६३ च्या कायद्यात २००८ साली झालेल्या दुरुस्तीने विकासकाने घर केवळ चटई क्षेत्रावरच विकावे असे बंधन घातले, आणि त्या चटईत सज्जाही धरला. २०१६ च्या केंद्रीय कायद्याने चटई क्षेत्राची देशभरासाठी एकच व्याख्या केली. तिच्यात बाहेरच्या भिंती, सेवानलिकांचे चौक, स्वतंत्र सज्जा आणि उघडी गच्ची वगळली. मात्र घराच्या आतल्या आडभिंतींखालची जमीन समाविष्ट केली. दोन्ही व्याख्या एक नाहीत, हे उघड आहे. सज्जा एकीत आत आणि दुसरीत बाहेर. आतल्या भिंतींचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण लहान घरात तो किरकोळ राहत नाही. तीनशे फुटांच्या घरात स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास वेगळे करायला बत्तीस-एक फूट लांबीच्या साडेचार इंची आडभिंती लागतात. त्यांच्याखाली बारा चौरस फूट जमीन जाते. कागदावर तीनशे, पायाखाली दोनशे अठ्ठ्याऐंशी. एका कपाटाची आणि एका माणसाच्या अंथरुणाची जागा कमी झाली, आणि तरी कोणी कायदा मोडलेला नाही.

परंतु खरी उणीव निराळ्या ठिकाणी आहे. २०१६ चा कायदा ज्याला संरक्षण देतो, त्या घर घेणाऱ्याच्या व्याख्येतून भाड्याने राहणारा माणूस स्पष्ट शब्दांत वगळला आहे. घर विकताना सुपर बिल्ट-अपचा आकडा करारात घालता येत नाही. तेच घर विकत घेणाऱ्याने दुसऱ्या दिवशी भाड्याने दिले, तर तो सुपर बिल्ट-अपवर भाव सांगायला मोकळा आहे. १९९९ च्या कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असावा असे ठरवले, ही चांगली गोष्ट झाली. करारात मिळकतीचे क्षेत्रफळही लिहिले जाते. ते कोणते क्षेत्रफळ हे मात्र लिहिलेले असेलच असे नाही. विक्रीच्या बाजारातून हद्दपार झालेले माप अशा रीतीने भाड्याच्या बाजारात सुखाने नांदते आहे, आणि भाड्याने राहणारे बहुधा विकत घेणाऱ्यांहून गरीबच असतात.

या सगळ्याचा फटका गिरणगावात आणि गिरगावात ज्या ठिकाणी सर्वांत जास्त बसतो, ते ठिकाण म्हणजे पुनर्विकासाच्या काळातले संक्रमण भाडे. उपकरप्राप्त जुन्या चाळी विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) या कलमाखाली पाडून नव्याने बांधल्या जातात. तेथे भाडेकरूला नव्या इमारतीत मिळणारी जागा चटईत मोजली जाते. पूर्वी ती किमान दोनशे पंचवीस फूट होती, पुढे किमान तीनशे झाली. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासात एकशे साठ फुटांच्या खोलीच्या बदल्यात पाचशे फूट देण्याचे ठरले, तेही चटईत. गिरणी कामगारांना २०१२ च्या सोडतीत मिळालेली घरे दोनशे पंचवीस फुटांची, ती पण चटईच. गरिबाला द्यायचे असले की सरकारला आणि विकासकाला काटेकोर चटई आठवते. त्याच भूखंडावरच्या विक्रीच्या मनोऱ्याबद्दल दलाल बोलू लागला की माप फुगते. एकाच आवारात दोन तराजू आहेत.

जुनी चाळ रिकामी केल्यापासून नवी उभी राहीपर्यंत विकासक भाडेकरूला बाहेर राहण्यासाठी दरमहा रक्कम देतो, आणि ती बहुधा जुन्या खोलीच्या चटईवर, फुटाच्या भावाने ठरते. लालबागेतील एका चाळीचे उदाहरण कल्पून पाहू. खोली एकशे ऐंशी फुटांची आहे. विकासक म्हणतो, फुटाला एकशे वीस रुपये देतो. म्हणजे एकवीस हजार सहाशे. चाळीच्या सभेत कोणीतरी उठून सांगतो की समोरच्या इमारतीत साठ रुपये फुटाने घर मिळते आहे, मग विकासक तर दुप्पट देतो आहे! टाळ्या पडतात आणि ठराव मंजूर होतो.

समोरचे ते घर प्रत्यक्ष पाहिले तर काय दिसते? जाहिरातीत चारशे फूट लिहिले आहेत. साठ रुपयांनी भाडे होते चोवीस हजार. टेप लावली तर आतून अडीचशे फूट भरतात. म्हणजे चटईचा भाव साठ नसून शहाण्णव आहे. दुप्पट म्हणून ज्याचे कौतुक झाले तो भाव प्रत्यक्षात पंचवीस टक्क्यांनीच वर आहे. येथवरची चूक मापाची आहे आणि दोन्हीकडे चटई धरली की ती दुरुस्त होते.

पण दुरुस्त केल्यावरही हिशेब जुळत नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. एकशे वीस हा भाव शहाण्णवांपेक्षा जास्तच आहे. तरी हाती येणारे एकवीस हजार सहाशे हे भाड्याच्या चोवीस हजारांहून कमी आहेत. याचे कारण असे की बाजारात एकशे ऐंशी फुटांचे घर मिळतच नाही. चाळीतील खोलीचा संडास गॅलरीच्या टोकाला होता, म्हणून ती एकशे ऐंशीत भागत होती. बाहेरच्या घरात संडास-न्हाणी आत असते, आणि तेथे सगळ्यांत लहान घर अडीचशेचे आहे. चटईच्या खऱ्या भावाने हिशेब केला तर एकशे ऐंशी फुटांना सतरा हजार दोनशे ऐंशी पुरे झाले असते. पण तसे घर नाही. कुटुंबाला दरमहा दोन हजार चारशे रुपये पदरचे घालावे लागतात. बांधकाम तीन वर्षे चालले आणि दोन्ही बाजूंची रक्कम तीच राहिली असे धरले, तर हे शहाऐंशी हजार चारशे रुपये होतात. त्यात दलाली, अनामत आणि दर अकरा महिन्यांनी घर बदलण्याचा खर्च धरलेला नाही. तोट्याशिवाय राहायचे तर या खोलीला फुटामागे एकशे तेहतीस रुपयांहून थोडा अधिक भाव मिळायला हवा होता.

त्याच चाळीत खाली रस्त्यावर उघडणारी सहाशे फुटांची एक जागा असेल, तर तिला त्याच एकशे वीसच्या भावाने बहात्तर हजार मिळतात. त्या कुटुंबाला बाहेर पाचशे-साडेपाचशे फुटांचे घर चालते आणि पैसे शिल्लकही राहतात. भाव दोघांना सारखाच दिला, पण एकाला तोटा आणि दुसऱ्याला नफा झाला. समितीत बोलणारे बहुधा मोठ्या जागांचे असतात. त्यांनी भाव मान्य केला की लहान खोलीवाल्यांना आपल्या अडचणीचे कारणही सांगता येत नाही, कारण फुटाच्या भाषेत त्यांच्यावर अन्याय झालेला दिसतच नाही. यावर उपाय अवघड नाही. करारात फुटाच्या भावाबरोबर एक किमान रक्कम लिहून घ्यावी, आणि ती त्या परिसरात संडास-न्हाणी आत असलेल्या सर्वांत लहान घराचे प्रत्यक्ष भाडे पाहून ठरवावी. फुटाच्या भावाने येणारी रक्कम आणि ही किमान रक्कम यांपैकी जी जास्त असेल ती द्यावी, एवढे एक वाक्य पुरते. वरच्या उदाहरणात किमान चोवीस हजार लिहिले असते, तर भाव एकशे वीसच राहूनही खोलीवाल्याचे निभावले असते. दरवर्षीची वाढही किमान रकमेलाच लावून घ्यावी; ती फक्त भावाला लावली तर वर्ष-दोन वर्षे किमान रक्कम जागची हलत नाही.

जुन्या खोलीचे माप घेताना जे होते त्याकडेही लक्ष हवे. पोटमाळा चटईत धरत नाहीत, मग त्यावर दोन मुलांचा अभ्यास आणि झोप दोन्ही होत असली तरी. गॅलरीचा भाग जाळी लावून आत घेतला असेल तर तो धरला जावा असा आग्रह धरता येतो, पण मूळ नकाशा आणि जुन्या पावत्या दाखवाव्या लागतात, आणि त्या नसतील तर आग्रहाला बळ राहत नाही. मोजणारा माणूस गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत टेप धरतो की विटेपासून, हेही पाहावे. जुन्या चाळींच्या भिंती जाड आहेत आणि गिलाव्याचे थरावर थर चढलेले आहेत. प्रत्येक बाजूला एक इंच गेला तरी दहा बाय अठराच्या खोलीत सुमारे चार पूर्णांक सहा दशांश फूट जातात, आणि एकशे वीस रुपयांच्या भावाने ते दरमहा सुमारे साडेपाचशे रुपये होतात. मोजणीच्या वेळी घरातील कोणीतरी हजर राहून आकडा लिहून घ्यावा आणि त्यावर मोजणाऱ्याची सही घ्यावी.

भाड्याने घर घेणाऱ्याला चटईचा आकडा कोठे सापडेल? इमारत २०१७ नंतर नोंदलेली असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पातील घरांची चटई क्षेत्रे दिलेली असतात. जुन्या घराच्या बाबतीत मालकाचा मूळ खरेदीचा करार किंवा मंजूर नकाशा मागावा. दोन्हीही चौरस मीटरमध्ये असू शकतात. दहा पूर्णांक सात सहा चारने गुणले की चौरस फूट मिळतात. सत्तावीस पूर्णांक अठ्ठ्याऐंशी मीटर असे दिसले तर ते तीनशे फूट होत. मात्र १९९१ ते २०१२ या काळात बांधलेल्या इमारतींत कागद आणि टेप यांचा मेळ बसत नाही, आणि तो उलट्या बाजूने बसत नाही. त्या काळी सज्जे, फुलझाडांचे कट्टे, खिडकीपुढची खोबणी हे सगळे निर्देशांकातून मोकळे होते. विकासकांनी ते भरपूर बांधले आणि ताबा मिळाल्यावर घरमालकांनी ते खोलीत घेतले. अशा घरात टेप कागदापेक्षा मोठा आकडा दाखवते. जानेवारी २०१२ मध्ये हे सगळे निर्देशांकात मोजायचे ठरले आणि त्याऐवजी वाढीव निर्देशांक विकत देण्याची पद्धत आली, तेव्हा ही युक्ती बरीचशी थांबली. भाडेकरूच्या दृष्टीने पाहता जी जमीन पायाखाली आहे तिचेच भाडे द्यावे, हे खरे. पण करारात कागदावरचा आकडा लिहून घ्यावा, म्हणजे आत घेतलेल्या कट्ट्यावरून महापालिकेची नोटीस आली तर ती मालकाच्या दारी जाते.

लोअर परळच्या कचेऱ्यांचा व्यवहार याहून मोठ्या रकमांचा आहे, पण त्यात पिळले जाण्याचा धोका मुख्यतः लहान उद्योजकाला आहे. तेथे भाडे आकारणीयोग्य क्षेत्रावर म्हणजे सुपर बिल्ट-अपवरच सांगितले जाते, आणि देखभालीचा आकारही त्याच क्षेत्रावर लागतो. चटईच्या पाचशे फुटांवर माणसे बसतात, आठशेंवर भाडे जाते आणि पुन्हा आठशेंवर देखभाल जाते. दालन आणि लिफ्ट यांची किंमत भाड्याच्या फुटांत एकदा वसूल झाली असता, ती दालने पुसण्याचा खर्च त्याच फुगलेल्या फुटांवर दुसऱ्यांदा मोजला जातो. मोठ्या कंपन्यांचे वकील करारात चटईचे प्रमाण आणि संयुक्त मोजणीचा हक्क घालून घेतात. छापखाना वा लहानसे प्रकाशन चालवणाऱ्याला ते सुचत नाही.

सरकारला नवा कायदा करण्याचीही गरज नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदला जातोच. त्या नोंदणीच्या नमुन्यात क्षेत्रफळाच्या रकान्यापुढे चटई हा शब्द सक्तीचा करावा आणि मासिक भाडे त्या आकड्याने भागून येणारा भाव यंत्राने आपोआप छापावा. तसे झाले तर दादर, परळ आणि लालबाग यांचे खरे भाव वर्षभरात नोंदणी कार्यालयातच जमा होतील, आणि संक्रमण भाड्याच्या वाटाघाटीला बसणाऱ्या चाळ समितीला समोरच्या इमारतीवरच्या पाटीवर विश्वास ठेवावा लागणार नाही. तोपर्यंत चाळ समित्यांनी हे काम स्वतः करावे. आजूबाजूच्या दहा-बारा भाड्याच्या घरांत टेप घेऊन जावे, आतले फूट आणि दिलेले भाडे वहीत लिहावे, त्यांतले सर्वांत लहान घर कोणते ते पाहावे, आणि ती वही घेऊन विकासकाकडे जावे.